रंग फासलेला फोटो ‘ओरिजिनल’ म्हणून खपवणं बंद करा

अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगने 1936 मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमोला काढलेला ‘मायग्रंट मदर’ हा स्थलांतरित मजूर आईचा फोटो रंगवून ‘दुर्मीळ ओरिजिनल कलर फोटो’ म्हणून फिरवताना लाज कशी वाटत नाही? तो कृष्णधवल फिल्मवर काढलेला आहे. त्या बाईच्या फाटक्या बाहीचा रंग त्या निगेटिव्हमध्ये नाहीच. तुम्ही दाखवता तो तपकिरी रंग कुणीतरी अंदाजाने भरलाय. अंदाज करायला हरकत नाही, पण तसं लिहा ना!

त्यावर खाली कमेंटमध्ये हमखास कुणीतरी सांगतं, ‘रंग काढून टाका, मूळ फोटो मिळेल.’ नाही मिळत! रंगवताना बहुतेक वेळा फोटो गुळगुळीत केलेला असतो, फिल्मचे कण पुसलेले असतात, उजेड-सावली बदललेली असते, कधी चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा गेलेल्या असतात. सॅच्युरेशन शून्यावर नेलं की हाती येते त्याच बिघडलेल्या फोटोची करडी प्रत.

पण ही करडी प्रत शोधायला मात्र कामाची आहे. रंगीत फोटो रिव्हर्स सर्चला, म्हणजे फोटोवरून फोटो शोधायला टाकला की बऱ्याचदा रंगीत प्रतीच समोर येतात. म्हणून आधी वॉटरमार्क आणि खालची अक्षरं कापा, फोटो करडा करा आणि मग TinEye या फोटो शोधणाऱ्या साइटवर टाका. तिथे Biggest image आणि Oldest अशी क्रमवारी लावता येते. Oldest म्हणजे त्या साइटला आधी सापडलेली प्रत, फोटोचं वय नव्हे. या घोटाळ्यात फार लोक फसतात. काहीच सापडलं नाही तर फोटो आडवा उलटा करून पुन्हा बघा.

शोधातून फोटोग्राफरचं नाव किंवा संग्रह कळला की तिथेच थांबू नका, थेट संग्रहात जा. हा फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. loc.gov/pictures वर `LC-DIG-fsa-8b29516` टाका. नोंदीत Medium या रकान्यात negative आणि nitrate हा फिल्मचा प्रकार दिसेल, color नाही. त्याच संग्रहात 1939 पासूनचे खरेखुरे रंगीत फोटोही आहेत, पण त्यांच्या नोंदीत color असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे जुना आणि रंगीत दिसला की खोटा, असंही धरून चालायचं नाही. नोंद वाचायची. मग TIFF उतरवायची, कुणीतरी लहान करून टाकलेली JPEG नव्हे.

आणि इथे आणखी एक गोम आहे. उजव्या कोपऱ्यात खाली, तंबूच्या खांबावर एक अंगठा होता. तो नंतर निगेटिव्हवर रिटच करून पुसट केला. अंगठा स्पष्ट दिसणारा जुना प्रिंट `LC-DIG-ppmsca-12883` या क्रमांकावर वेगळा ठेवलेला आहे. दोन्ही शेजारी उघडा आणि तो कोपरा मोठा करून बघा. तुमच्या रंगीत प्रतीत अंगठा धूसर असेल, तर ती रिटच केलेल्या निगेटिव्हवरून आलेली आहे. म्हणजे ‘ओरिजिनल’ म्हणून जे पुढे ढकलताय, त्यात आधीच दोनदा हात फिरलाय.

संग्रहातला क्रमांक कॅप्शनमध्ये लिहायला दहा सेकंद लागतात. तेवढंही होत नसेल, तर किमान ‘नंतर रंगवलेला’ हे दोन शब्द तरी टाका!