परदेशातून : शिक्षा भोगायची, पण कोणती?

"मामा, मतदान आहे, कोर्ट आहे, मग लोकशाहीत कायदा मोडायची मुभा कुणाला कशाला हवी? बाबासाहेबांनीच सत्याग्रह सोडा म्हणून सांगितलं होतं ना?" – साताऱ्याहून भाच्याचा निरोप.

भाच्याचा दाखला खरा आहे, पण अर्धा. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी कायदेभंग आणि सत्याग्रह यांना अराजकाचे व्याकरण म्हटले, ते घटनात्मक मार्ग खुले असताना. मार्गच नसतील तेव्हा या साधनांचे पुष्कळ समर्थन होऊ शकते, हेही त्यांनी त्याच ओघात सांगितले. त्यांचे महाड तर याहून गुंतागुंतीचे आहे. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले, तेव्हा मोडली ती रूढी. कायदा 1923 च्या कौन्सिलच्या ठरावाने आणि महाड नगरपालिकेच्या निर्णयाने सत्याग्रहींच्याच बाजूचा होता. त्याच डिसेंबरात सवर्णांनी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. परिषदेला जमलेली माणसे तुरुंगात जायला तयार होती, तरी आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब करायला लावला. तळ्यावरून मिरवणूक निघाली, पण पाण्याला कुणी शिवले नाही. हायकोर्टाचा अंतिम निकाल आला 1937 मध्ये. घटनात्मक मार्ग खुला होता हे खरे. पण तहानलेल्याने त्या मार्गावर किती वर्षे उभे राहायचे, हा प्रश्न तेव्हाही सुटला नव्हता.

मी लंडनच्या उत्तरेला, एम-25 या वळसा-महामार्गाजवळ राहतो. नोव्हेंबर 2022 मध्ये हवामान-आंदोलकांनी सलग चार दिवस या रस्त्यावरच्या पाट्यांच्या कमानींवर चढून वाहतूक थांबवली. त्याचा कट रचल्याबद्दल जुलै 2024 मध्ये एकाला पाच आणि चौघांना प्रत्येकी चार वर्षांची कैद झाली. आमच्या महाराष्ट्र मंडळातले एक स्नेही, मूळचे कोल्हापूरचे, हा विषय निघाला की आपले चुकलेले विमान काढतात. त्यांच्या मते पाच वर्षेही कमीच. मी त्यांना हसत नाही. रॉल्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने 1971 मध्ये सविनय कायदेभंगाच्या अटी घातल्या, तो उघड, अहिंसक आणि बहुसंख्यांच्या न्यायबुद्धीला आवाहन करणारा असावा अशा. त्यांत विमान चुकलेल्या माणसाला फारशी जागा नाही. अन्यायकारक कायदाच मोडणे वेगळे, आणि तेलाच्या धोरणाविरुद्ध वाहतुकीचा कायदा मोडणे वेगळे. मिठाच्या कायद्याचा अन्याय मूठभर मिठात दिसत होता. हवामानाचा अन्याय महामार्गावरच्या कोंडीत दिसत नाही, तो समजावून सांगावा लागतो.

शेजारचे वृद्ध गृहस्थ अनेक वर्षे बिनपगारी मॅजिस्ट्रेट होते. कुंपणाची झुडपे छाटता छाटता त्यांनी मला 2006 च्या एका निवाड्यातली गोष्ट सांगितली. इथल्या सर्वोच्च न्यायपीठातले लॉर्ड हॉफमन यांनी तिथे एक अलिखित सौदा मांडला होता. आंदोलकाने प्रमाण राखायचे, फार नुकसान करायचे नाही आणि शिक्षा पत्करून आपली निष्ठा दाखवायची. बदल्यात पोलिसांनी संयम पाळायचा आणि न्यायाधीशाने हेतू ध्यानात घेऊन शिक्षा द्यायची. हातातली कात्री थांबवून ते म्हणाले, "हल्ली दोन्ही बाजूंनी तो मोडलाय." मार्च 2025 मध्ये अपील कोर्टाने त्या पाचही जणांच्या शिक्षा कमी केल्या, कारण मूळ न्यायाधीशाने सद्सद्विवेकबुद्धीच्या हेतूला वजन द्यायला हवे होते. कैद मात्र राहिलीच.

हा सौदा मनात ठेवून घरी पाहतो, तेव्हा मला अडचण दिसते ती शिक्षेत. ज्याला शिक्षा पत्करायची आहे, त्याला ती कोणती आणि कधी मिळणार हे ठाऊक असावे लागते. आपल्याकडे रास्ता रोकोत नाव आलेल्या पोराला बहुतेकदा शिक्षा होतच नाही. होतात त्या वर्षानुवर्षांच्या तारखा, आणि प्रलंबित खटल्यामुळे अडलेला पासपोर्ट. किंवा मग सरकार राजकीय-सामाजिक आंदोलनांतले गुन्हे मागे घेते आणि सगळे संपते. पहिल्या प्रकारात खटलाच शिक्षा होतो, दुसऱ्यात शिक्षेचा अर्थच उडतो. गांधींनी 1922 मध्ये अहमदाबादला न्यायाधीशाकडे जास्तीत जास्त शिक्षा मागितली, कारण समोर निकाल देणारा माणूस बसलेला होता. म्हणून "कायदा मोडा, पण शिक्षा भोगा" हा इथल्या पुस्तकातला नियम तिथल्या पोराला जसाच्या तसा लावणे मला न्याय्य वाटत नाही. उलट त्याच्याकडून दुसरी गोष्ट मात्र कडकपणे मागावी: आधी अर्ज, निवेदन, कोर्ट हे सगळे करून झाले का, आणि आपल्या कृतीचा भार ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्यावरच पडतो का. महाड या दोन्ही कसोट्यांना उतरते, एम-25 दुसरीला नाही.

हे सारे मी भाच्याला लिहिले. त्याचे उत्तर आले, "आणि मोर्च्यामुळे ज्याची हातगाडी तीन दिवस बंद राहिली, त्याने कुणाविरुद्ध कायदा मोडायचा?" याला अजून मी उत्तर पाठवलेले नाही.