सहाव्या आठवड्याची लस बाळाला, दोन प्रश्न आईला

बाळंतपण साधं झालं की दोन दिवसांत घरी, सिझर असेल तर चार-पाच दिवसांत. आणि बाळंतिणीला उगाचच रडू यायला लागतं ते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. म्हणजे ती रडते तेव्हा आम्ही नर्सेस तिथे नसतोच. तिथे आई, सासू, शेजारच्या काकू असतात आणि निदान त्याच करतात: "होतं असं, पहिलटकरीण आहे."

बऱ्याचदा काकूंचं बरोबरच असतं. निम्म्याहून जास्त बायकांना हे होतं. हार्मोन एकदम उतरतात, झोप नसते, टाके दुखत असतात. दुपारी हमसून रडलेली बाई संध्याकाळी बाळाकडे बघून हसते. हे बेबी ब्लूज. त्याला गोळी लागत नाही. गरम जेवण, सलग झोप आणि "हे जाईल" असं सांगणारं कोणीतरी पुरतं. मात्र त्याला मुदत आहे: दोन आठवडे. बारसं होऊन गेलं, पंधरवडा उलटला आणि तरी ती तशीच आहे, किंवा आणखी गप्प झाली आहे, तर ते ब्लूज नाहीत. तिथे काकूंचं वाक्य चालवून घेऊ नका.

आमच्या गोव्यातल्याच एका जिल्हा रुग्णालयात गरोदर बायकांचा पाठपुरावा करून झालेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे 23 टक्के आयांना नैराश्य होतं. पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, ही कारणं त्यात ठळक होती. साक्षर, सुधारलेला गोवा म्हणून आपण मिरवतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आता एक उदाहरण. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पेडण्याकडची बाई, दुसरी मुलगी, सहाव्या आठवड्याच्या लसीला आलेली. बाळाचं वजन अपेक्षेपेक्षा कमी वाढलं होतं. बाळंतिणीतलं नैराश्य हेरायची एडिनबरा प्रश्नावली काढली. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. सासूबाई शेजारीच. सून तोंड उघडायच्या आधी त्यांचं उत्तर तयार: "कायच ना तिका, सगळां बरां आसा." सुनेने मान डोलावली. बेरीज झाली सहा.

मग सासूबाईंना बाळ घेऊन वजनकाट्याच्या खोलीत पाठवलं. तेच प्रश्न, पण आता कागद न दाखवता, तिच्या भाषेत. काही बिघडलं की स्वतःलाच दोष देतेस का? बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का? हा झोपेचा प्रश्न माझ्या मते सगळ्यात कामाचा. बाळ उठवतं म्हणून झोप होत नाही, हे सगळ्याच आयांचं. बाळ गाढ झोपलंय, अंग मोडून आलंय आणि तरी ही छताकडे बघत पडलेली, हे वेगळं. या वेळी बेरीज सतरा झाली. तेरा किंवा त्याहून जास्त आलं की नैराश्याची शक्यता बरीच असते. निदान मात्र डॉक्टरच करतो, कागद नव्हे.

त्यातही दहावा प्रश्न, स्वतःला इजा करून घ्यावीशी वाटते का, याला तिचं उत्तर होतं "क्वचित". एकच गुण. पण दहाव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही आलं की एकूण बेरीज बाजूला ठेवायची आणि पुढे विचारायचं. असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात विचार घुसत नाही. उलट, आपल्याला कोणी विचारलं याचंच बाईला हायसं वाटतं. विचार कधी येतो? काय करायचं हे ठरवलंय का? काय अडवतं? ती म्हणाली, रात्री दूध पाजताना येतो, विहिरीकडच्या खिडकीपाशी मी बसतच नाही, ठरवलं काही नाही, थोरलीचं कोण बघणार. शिवाय हातून बाळ खाली पडेल, अशी चित्रं डोळ्यांपुढे येतात म्हणून ती बाळाला उचलायलाच घाबरत होती.

ही चित्रं ऐकून नवखी नर्स दचकते. पण आईला त्यांची किळस येते, भीती वाटते, ती बाळाला जपण्यासाठीच लांब राहते. नैराश्यात आणि चिंतेत असे नको असलेले विचार येतात. तिला वाईट आई ठरवू नये.

त्याच दिवशी डॉक्टरांनी तिला तपासलं, मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही करून घेतलं, कारण दोन्हींमुळे असाच थकवा आणि उदासी येते. सर्ट्रालिन सुरू झालं. स्तनपान करणाऱ्या बाईला हे औषध बहुतेक वेळा देता येतं, मात्र गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे घरच्यांना आधीच सांगावं लागतं. नाहीतर पाचव्या दिवशी गोळ्या बंद.

नर्सचं खरं काम या मधल्या आठवड्यांचं. नवऱ्याला बसवून रात्र वाटून दिली. ती दहाला पाजून झोपेल, मधल्या पाजण्याला तो काढलेलं दूध वाटी-चमच्याने देईल, म्हणजे तिला सलग पाच तास मिळतील. आपल्या उकाड्यात ते दूध बाहेर ठेवायचं नाही, फ्रिजमध्येच. गोळ्यांची पाकिटं त्याच्याकडे, विहिरीला झाकण, आणि तिला घरात एकटं सोडायचं नाही. तो म्हणाला, "सिस्टर, हे आधी कोणीच सांगितलं नाही." कोण सांगणार? सगळे बाळाचं वजन बघत होते. महिन्याभराने बेरीज नऊवर आली.

तिसरी गोष्ट वेगळीच, आणि तिथे प्रश्नावली काढत बसूच नये: प्रसूतीनंतरचा सायकोसिस. हजार बाळंतपणांत एक-दोन, पण बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच आणि झपाट्याने. या बाईला झोप येत नाही असं नाही, तिला झोपेची गरजच वाटत नाही. रात्रभर भांडी घासेल, भराभर बोलेल, सकाळी ठीक आणि संध्याकाळी भलतंच. हे बाळ माझं नाही, बदललंय, कोणीतरी आवाज देतंय. मघाच्या बाईला स्वतःच्या विचारांची भीती वाटत होती, हिला तो विचार पटलेला असतो. म्हणून धोका आईलाही आणि बाळालाही. 108 ला फोन करून थेट बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. तोपर्यंत एक माणूस तिच्याजवळ, बाळ दुसऱ्याच्या हातात. दृष्ट काढायची असेल तर नंतर काढा, देवाचा कौलही परत आल्यावर लावा. बायपोलरचा आजार असलेल्या किंवा आधीच्या बाळंतपणात असं झालेल्या बाईचं तर सातव्या महिन्यातच मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून ठरलेलं असावं.

वेळ नाही, गर्दी असते, हे माझ्या सहकारी मैत्रिणी म्हणतील, आणि लसीच्या दिवशी गर्दी असते हे खरंच आहे. म्हणून सगळ्यांना दहा प्रश्न नकोत, आधी दोनच. गेल्या महिन्यात बरेचदा उदास, हताश वाटलं का? पूर्वी आवडायच्या गोष्टींत मन लागेनासं झालं का? एकाला जरी हो आलं तरच पुढचे दहा. एक मिनिट लागतं. फक्त ते मिनिट सासूबाईंच्या, आईच्या किंवा नवऱ्याच्या समोर नको. आणि सहाव्या आठवड्याला "नाही" आलं म्हणून विषय संपत नाही, नैराश्य नंतरही सुरू होतं. दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसीला तीच बाई येतेच, तेव्हा पुन्हा विचारायचं. रात्री-अपरात्री घरून बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, तो लसीच्या कार्डाच्या मागे पेनाने लिहून देत जा.