आजीच्या 'रांडेच्या'वर पीं

"मामा, तुमच्याकडे ब्रिटनमध्ये टीव्हीवर लोक उघड शिव्या देतात म्हणे. मग तिकडे पीं कुठल्या शब्दावर मारायचा हे कोण ठरवतं? आमच्याकडे तर मीच ठरवते, आणि मला कोणी काही सांगितलेलंच नाही."

भाची गोव्यात फोंड्याला एका स्थानिक केबल चॅनलवर एडिटिंग करते. चवथीच्या दिवसांत त्यांच्या फोन-इन कार्यक्रमाला साखळीकडून एका आजीचा फोन आला. परदेशातून आलेला नातू तिच्या शेजारीच बसला होता, पण बोलायला लाजत होता. आजी त्याला म्हणाली, "रांडेच्या, तूं उलय मरे आतां!" रात्री ते थेट गेलं, कोणाची काही तक्रार नाही. सकाळी पुनःप्रक्षेपणाआधी मालकांचा फोन आला, "ते काढ." भाचीनं पीं टाकला. दुपारपर्यंत गावभर झालं की आजीनं टीव्हीवर भलतंच काहीतरी म्हटलं. आजी तेव्हापासून फोन करत नाही.

ती क्लिप तिनं मला पाठवली. मी ती हेडफोन लावून सातआठ वेळा ऐकली. आपल्याकडे सेकंदाला पंचवीस फ्रेम, आणि हा शब्द पंधरा-सोळा फ्रेमचा. पीं दोन-तीन फ्रेम उशिरा सुरू होतो आणि लवकर संपतो. त्यामुळे सुरुवातीचा 'रां' ऐकू येतो, शेवटचा 'च्या'ही ऐकू येतो आणि मधलं तेवढं झाकलं जातं. ज्याला शब्द माहीत आहे त्याला तो कळतोच. ज्याला माहीत नाही तो त्याहून वाईट शब्द मनात भरतो. इकडे शिकवतात ते हेच: अर्धवट पीं हा पीं नव्हेच. शब्द ओळखू येत असेल, ओठांवरून वाचता येत असेल, तर तो उच्चारला गेला असंच धरतात. झाकायचा तर पहिल्या व्यंजनाच्या आधीपासून झाका, तोंड दिसत असेल तर तेही धूसर करा. नाहीतर राहू द्या.

मी स्विंडनला राहतो. आठवडाभर गोदामात काम करतो आणि शनिवारी सकाळी एका कम्युनिटी रेडिओवर गोंयकारांसाठी तासाभराचा कार्यक्रम करतो. केंद्राला परवाना ऑफकॉमचा, म्हणजे इथल्या प्रसारण नियामकाचा, त्यामुळे माईकसमोर बसण्याआधी नियमांचं प्रशिक्षण घ्यावं लागलं. सासष्टीचा माझा एक मित्र कधीमधी पाहुणा म्हणून येतो. भाचीचा प्रश्न ऐकून तो लगेच म्हणाला, "सोपं आहे. रात्री नऊनंतर काहीही चालतं." हे अर्धंच खरं आहे. नऊची रेषा टीव्हीची, रात्री नऊ ते पहाटे साडेपाच. नऊच्या आधी सगळ्यात जहाल शब्द वर्ज्यच. नऊनंतरही तो शब्द तिथं का आहे, याचं उत्तर चॅनलकडे असावं लागतं. रेडिओला ही रेषाच नाही. तिथं विचारतात, मुलं ऐकत असण्याची दाट शक्यता कधी? शाळेच्या दिवसांत सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी तीन ते सात. शनिवार-रविवारी आणि सुटीत सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत. म्हणजे माझा अख्खा कार्यक्रम त्यातच येतो.

आणि त्यातच तो प्रसंग घडला. या मित्रालाच बोलता बोलता कपाला धक्का लागला, चहा सांडला आणि त्याच्या तोंडून निघालं, "आवयचो घोव!" स्टुडिओत मी सोडून कोणाला काही कळलं नाही. मोठ्या केंद्रांवर थेट कार्यक्रम काही सेकंद मागं धरून ठेवतात आणि बटण दाबलं की तेवढे सेकंद गळतात. आमच्याकडे ती सोय नाही. कार्यक्रम संपल्यावर मी स्वतःहून केंद्राच्या नियमांचं काम बघणाऱ्या बाईंना सांगितलं. त्यांची उभी हयात रेडिओत गेली आहे.

त्यांनी विचारलं, "शब्दशः अर्थ काय?"

"आईचा नवरा."

"म्हणजे वडीलच की."

मग त्या थांबल्या आणि त्यांनी जे विचारलं ते मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. हा शब्द तुमच्या घरी मुलांसमोर चालतो का? तो कोणाला उद्देशून होता की नुसता उद्गार? आवाजात राग होता का? ऐकणाऱ्यांत ज्यांना तो कळला, त्यांतल्या कोणाला तो बाईमाणसाचा अपमान वाटेल का? चार उत्तरं त्यांनी वहीत लिहिली आणि रेकॉर्डिंग बाजूला ठेवलं. इथं रेडिओला बेचाळीस दिवस रेकॉर्डिंग जपावंच लागतं. त्यांचं मत पडलं की हा सौम्य उद्गार, माफी मागायची गरज नाही. माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आजही आहे. मालवणीत 'आवशीचो घोव' जितका सहज जातो तितका तो माझ्या आईच्या स्वयंपाकघरात जात नसे. पण या मतभेदाची नोंद वहीत आहे, कारणासकट. भाचीच्या टेबलावर ती वही नाही, आणि मला खरा फरक तिथंच दिसतो.

ऑफकॉम कुठलाही कार्यक्रम आधी बघत नाही. कापा, ठेवा असं सांगत नाही. प्रक्षेपणानंतर वीस कामकाजाच्या दिवसांत कोणी तक्रार केली, तर ते रेकॉर्डिंग मागवतात आणि नियम मोडला का ते तपासतात. चौकशी झालीच तर निकाल सविस्तर छापतात: कोणता शब्द, किती वाजता, चॅनलनं काय बाजू मांडली, आम्हाला ती का पटली किंवा पटली नाही. शब्दांच्या वजनासाठी ते दर काही वर्षांनी लोकांनाच विचारतात. 2016 ला विचारलं, 2021 ला पुन्हा विचारलं. दुसऱ्या वेळी दिसलं ते असं की साध्या शिव्यांना लोक पूर्वीपेक्षा कमी बिचकतात, पण वंश, धर्म, अपंगत्व यांवरून हिणवणारे शब्द त्यांना अधिक बोचतात. यादी आहे, पण ती कायदा नव्हे. माप म्हणून हाताशी ठेवायची.

म्हणून 'पाकी' या शब्दाचं प्रकरण भाचीला सविस्तर सांगितलं. आपल्याकडे बातम्यांच्या चर्चेत तो पाकिस्तानीचं लघुरूप म्हणून सर्रास येतो, पीं कोणी मारत नाही. ब्रिटनमध्ये मात्र तो शब्द म्हणत लोकांना रस्त्यात मारलं गेलं आहे. रिपब्लिक भारतचा 6 सप्टेंबर 2019 चा चर्चेचा कार्यक्रम इथंही दिसला. चांद्रयानाच्या निमित्तानं पाकिस्तानशी तुलना चालली होती. डिसेंबर 2020 मध्ये ऑफकॉमनं इथल्या परवानाधारक कंपनीला 20,000 पौंड दंड केला. दंड एका शब्दासाठी नव्हता. सगळ्या पाकिस्तानी लोकांनाच दहशतवादी ठरवणारी भाषा हा मूळ मुद्दा होता, तो शब्द त्यातला एक भाग. भारतात तो साधा आहे हे म्हणणं इथं पुरेसं ठरलं नाही, कारण ऐकणारा ब्रिटनमध्ये बसला होता. हे मला पटतं. शब्द जिथं ऐकला जातो तिथलं त्याचं वजन धरायचं. पण मग साखळीच्या आजीचा शब्दही साखळीच्या तराजूतच तोलायला हवा. आपल्या बाजूला 'रांडेच्या' रागानं म्हटला तर शिवी आहे आणि आजीनं नातवाला म्हटला तर लाड. पुण्याच्या कानानं त्याचा निवाडा करू नये.

आपल्याकडे नियम नाहीत असं मुळीच नाही. केबल टेलिव्हिजनचा 1995 चा कायदा आहे आणि त्याच्या नियमांत कार्यक्रम संहिता आहे: सभ्यता आणि सुरुचीला बाधा नको, अश्लील नको, मुलं जास्त बघतात त्या वेळी त्यांना अयोग्य ते नको. खासगी एफएमला आकाशवाणीचीच संहिता लागू. मनोरंजन वाहिन्यांनी 2011 पासून स्वतःची तक्रार समिती नेमली, आणि प्रौढांसाठीचं रात्री अकरा ते पहाटे पाच असं ठरवलं. पण 'सुरुची' म्हणजे काय हे फोंड्याच्या एडिटरला कोण सांगणार? जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्त यांना कायद्यानं कार्यक्रम रोखण्याचा अधिकार आहे, एवढं मालकांना पक्कं माहीत असतं. त्यामुळे शंका आली की पीं. तो भीतीनं मारला जातो आणि त्याचं कारण कुठंच लिहिलेलं नसतं.

यादी करून हे सुटत नाही, हेही आपण बघितलंय. फेब्रुवारी 2015 मध्ये चित्रपट प्रमाणन मंडळाच्या अध्यक्षांनी वर्ज्य शब्दांची यादी पाठवली. मंडळातल्याच सदस्यांनी विरोध केला आणि ती बाजूला पडली. त्याच सुमाराला टीव्हीवर दाखवायच्या एका गाण्यातला 'बॉम्बे' शब्द मूक करायला लावला होता. सासष्टीतली जुनी माणसं अजून 'बोंबय' म्हणतात. त्यांच्या प्रत्येक आठवणीवर पीं मारायचा का? 2017 मध्ये अमर्त्य सेन यांच्यावरच्या माहितीपटात 'गाय', 'गुजरात' असे शब्द मूक करा म्हणून सांगण्यात आलं. यातला एकही शब्द शिवी नाही. पीं एकदा हाताशी आला की तो शिव्यांपुरता राहत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाचीशी हे बोलणं चाललं असताना भावोजी मध्येच फोनवर आले. "माझंही विचार त्याला. ग्रामसभेत मी एकाला चोर म्हटलं, तर तुमच्या लोकांनी त्याच्या नावावर पीं मारला आणि 'चोर' तसाच ठेवला. हे उलटं नाही का?" उलटं नाही. तो पीं सभ्यतेचा नव्हे, बदनामीच्या दाव्याचा होता. 'चोर' हा शब्द कोणाला बोचत नाही, पण नावासकट दाखवला तर तो आरोप चॅनलचाही होतो आणि पुरावा द्यावा लागतो. भावोजींना हे पटलेलं नाही. पुरावा आपल्याकडे आहे असं ते म्हणतात. तो वेगळा वाद.

ब्रिटनमध्ये सगळं नीट आहे असं मी भाचीला सांगितलं नाही. इथली वजनं इंग्रजी कानांची आहेत. कोंकणी, मराठी शब्द आला की भाषांतर मागवतात, आणि भाषांतरात आजीचा लाड 'वेश्येच्या पोरा' होऊन बसतो. आमच्या केंद्रावर मी नसतो तर 'आवयचो घोव' कोणाच्या वहीत गेलाच नसता, आणि उद्या एखादा खरंच विखारी कोंकणी शब्दही तसाच निसटेल. यावर माझ्याकडे तोडगा नाही.

मी तिला एवढंच सुचवलं की मूळ रेकॉर्डिंग पुसू नको आणि बाईंचे ते चार प्रश्न एका वहीत उतरव. काल तिनं वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. तारीख, कार्यक्रम, वेळ, आणि खाली तिच्या अक्षरात: "शब्द: रांडेच्या. कोणाला: स्वतःच्या नातवाला. आवाज: हसरा. तक्रार: नाही. निर्णय: दिवाळीच्या भागात पीं काढून पुन्हा दाखवावा. आधी आजीला विचारावं." शेवटच्या ओळीसमोर मालकांची सही अजून नाही.