कन्नड समजते, बोलता येत नाही

आमचा जुना टीव्ही गेला आणि त्याच्या जागी बत्तीस इंची चपटा टीव्ही आला. त्याच्या पाठीला एचडीएमआयची दोन भोके आणि पेन ड्राइव्हसाठी एक यूएसबी एवढाच संसार आहे. आमचा सेट-टॉप बॉक्स मात्र जुन्या वळणाचा. त्याला बाहेर पडायची एकच वाट ठाऊक, पिवळ्या, पांढऱ्या आणि तांबड्या पिनेची. बॉक्स बदलायचा तर नव्याचे पैसे वेगळे पडतील, असे केबलवाल्याने सांगितले, आणि सहा महिन्यांचे भाडे आम्ही आधीच भरून बसलो होतो. आईची मालिका सात वाजता लागते. तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

आमच्या बेळगावातल्या खडेबाजारातील दुकानदाराने न विचारताच एक वायर काढून दिली. तिच्या एका टोकाला तीन रंगीत पिना आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय. किंमत १८० रुपये. घरी आणून जोडली, तर पडद्यावर ‘नो सिग्नल’. तसे होणारच होते, कारण त्या वायरीत तांब्याखेरीज काहीच नव्हते. पिवळ्या पिनेतून येणारे चित्र म्हणजे चढउतार होणारा विजेचा एकच प्रवाह असतो. उजेड आणि रंग दोन्ही त्या एकाच तारेत कालवलेले असतात. एचडीएमआयला मात्र आकड्यांत मोजलेले चित्र लागते. मध्ये ते मोजून घेणारी चिप नसेल, तर वायर कितीही जाड असली तरी उपयोग शून्य. हे मला ठाऊक होते, आणि तरीही १८० रुपये गेले, याचा राग अजून उतरलेला नाही. ‘वायर परत घेत नाही ओ’ हे वाक्य मात्र दुकानदाराला तोंडपाठ होते.

दुसऱ्या फेरीत ३५० रुपयांना काड्यापेटीहून थोडी मोठी, काळी प्लास्टिकची पेटी आणली. एका बाजूला तीन रंगीत भोके, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय, कडेला विजेसाठी यूएसबीची वायर आणि एक चिमुकले बटण. सगळे नीट बसले, तांबडा दिवाही लागला, आणि पडद्यावर पुन्हा ‘नो सिग्नल’. नेमक्या त्याच वेळी शेजारचे मामा आले.

मामा निवृत्त वायरमन आहेत. त्यांच्या बोलण्यात कन्नड आणि मराठी एकाच ताटात वाढलेली असते, आणि दुसऱ्याच्या घरात कुठेही उघडी वायर दिसली की त्यांना ती आपलीच वाटते.

“काय करालाय ओ?” असे विचारून, उत्तराची वाट न पाहता त्यांनी टीव्ही भिंतीपासून ओढला, मागे बॅटरी मारली आणि सगळी भोके बोटाने मोजली. “पिवळं कुठं हाय?”

“पिवळं नाही मामा, फक्त एचडीएमआय आहे.”

“नाही म्हंजे? टीव्हीला पिवळं नाही? इल्ला री, असं होत नाही. आत असतंय.”

मग त्यांनी पिवळी पिन उपसली, तिच्यावर फुंकर मारली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि पेटीच्या तांबड्या भोकात खोचली. “हळदीच्या जागी हळदच पाहिजे असं काय नाही, कुंकू पण चालतंय,” हे त्यावरचे भाष्य. तांबडे भोक उजव्या कानाच्या आवाजाचे असते. त्यात चित्र घातले तर चित्र येत नाही, आला तर नुसता घूंऽऽ असा आवाज येतो, असे मी सांगितले. त्यावर मामा म्हणाले, “आवाज तरी येऊ दे की आधी.” आवाजही आला नाही. शेवटी त्यांनी निकाल दिला: “टीव्ही फॉल्टी. परत द्या.” आई आतून म्हणाली, “मी सांगत होते, जुनाच दुरुस्त करा म्हणून.”

पेटी उलटी करून पाहिली, तेव्हा तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत जे छापले होते, त्याचा अर्थ होता ‘एचडीएमआय टू एव्ही’. एचडीएमआयच्या भोकावर ‘इनपुट’ आणि रंगीत भोकांवर ‘आउटपुट’. म्हणजे ही पेटी नव्या बॉक्सचे चित्र जुन्या टीव्हीला देणारी होती, आणि आमचे दुखणे नेमके उलटे होते. दोन्ही जातींच्या पेट्यांचा रंग, आकार आणि भोके सारखीच असतात, त्यामुळे चुकीची पेटीही निमूटपणे जोडली जाते आणि दिवाही लागतो. दिवा लागणे म्हणजे फक्त वीज पोचली, एवढेच.

दुकानदार म्हणाला, “दोन्हीकडनं चालतंय की ओ.” चालत नाही. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना कन्नड समजते, बोलता येत नाही. त्यांना दुभाषी म्हणून बसवले, तर कचेरीतले कन्नड म्हणणे ते घरी येऊन सांगतील, घरातले म्हणणे कचेरीत सांगू शकणार नाहीत. ही पेटी तशीच. मामांनाही हेच सांगितले, तर ते म्हणाले, “मला दोन्ही येतंय.” त्यांना पेटीबद्दल काही म्हणायचे नव्हते.

आणखी ५० रुपये भरून ‘एव्ही टू एचडीएमआय’ आणली. या वेळी ‘नो सिग्नल’ गेले आणि सगळा पडदा निळा झाला. मामा हळहळले, मी मात्र जवळजवळ नाचलो. ‘नो सिग्नल’ टीव्ही म्हणतो, म्हणजे त्याच्यापर्यंत काहीच पोचलेले नसते. निळा पडदा बहुतेक वेळा ही पेटी स्वतः रंगवते, म्हणजे पेटी आणि टीव्ही यांची बोलाचाली सुरू झाली, अडले आहे ते पेटी आणि बॉक्स यांच्यामध्ये. पाहिले तर नव्या पेटीतही पिवळी पिन कुंकवातच गेली होती. ती पिवळ्यात घातली, आणि सात वाजून दहा मिनिटांनी मालिका उगवली.

सगळ्यांचे चेहरे भाकरीसारखे पसरलेले होते, आणि तरी वर-खाली काळ्या पट्ट्या होत्या. बॉक्स चित्र ४:३ च्या चौकटीत बसवून पाठवत होता आणि पेटी तीच चौकट १६:९ इतकी ताणत होती. टीव्हीच्या सेटिंगमध्ये शोधून उपयोग झाला नाही. बॉक्सच्याच मेन्यूत जाऊन पडद्याचा आकार १६:९ केला, तेव्हा सासू पुन्हा सडपातळ झाली. तोवर मामांनी या पेटीवरचे चिमुकले बटण ७२० वरून १०८० वर ढकलले होते. “आता बघा, कसं क्लिअर!” काही क्लिअर झाले नव्हते. बॉक्सकडून चित्राच्या ५७६ रेघा येतात, तेवढ्याच येतात. १०८० केले की पेटी त्या ताणून पसरते, नव्या आणत नाही. बातम्यांच्या खालच्या पट्टीत अक्षरांच्या कडांवर बारीक ठिपके मुंग्यांसारखे चालतात, तेही बटणाने जात नाहीत, कारण उजेड आणि रंग पिवळ्या तारेतच एकमेकांत मिसळून आलेले असतात.

तीन भोके वाचवून कारखान्याने किती पैसे वाचवले असतील कोण जाणे. माझे ५८० रुपये आणि तीन फेऱ्या गेल्या, हे मात्र पक्के ठाऊक आहे.

आईने फ्रिजमधला कुंदा काढला आणि पहिली वाटी मामांना दिली. “तुम्ही होतात म्हणून झालं हो,” ती म्हणाली. मामांनी मान हलवली आणि चमचा चाटत माझ्याकडे पाहून म्हणाले, “मी आधीच म्हटलं होतं की ओ, पिवळं पिवळ्यातच घालायचं.”