परदेशातून: फराळाचे पैसे अडकले, तेव्हा पत्रात काय हवं

«दिवाळीच्या ऑर्डरी चालू असताना पेमेंट कंपनीने माझं खातं निलंबित केलं. ६,२०० पौंड अडकलेत. मेलमध्ये एवढंच आहे की 'व्यवहारांत जोखीम आढळली, स्पष्टीकरण आणि कागदपत्रं पाठवा'. सांगलीचे मामा म्हणतात, पोलिसांकडून एनओसी आण. एरवी माझी विक्री महिन्याला ९०० पौंडांची. या वेळी तीन आठवड्यांत ४० पौंडांचे १८५ डबे बुक झाले, त्यांतले ३० पोचले. मी नेमकं काय लिहू?» – लेस्टरहून एक फराळवाल्या ताई

ताई, मामा चुकीचं बोलत नाहीत, पण ते दुसऱ्या रोगाचं औषध सांगताहेत. गावाकडे सध्या वाद चालू आहे तो बँक खातं गोठवण्याचा. फसवणुकीचा पैसा फिरत फिरत एखाद्या किराणा दुकानदाराच्या यूपीआयवर येतो, कुणीतरी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केलेली असते, आणि दुकानदाराचं खातं अडकतं. तिथे तपास अधिकाऱ्याच्या एनओसीशिवाय बँक हलत नाही, म्हणून मामांना तेच आठवलं. तुमच्या मेलमध्ये पोलिसांचं नावही नाही. कंपनीने स्वतःच्या पैशाच्या काळजीने हात आखडता घेतलाय, आणि ती काळजी दूर करणं तुमच्या हातात आहे.

काळजी कसली, ते तुमच्याच आकड्यांत दिसतं. पोचलेल्या ३० डब्यांचे १,२०० पौंड सोडले, तर उरलेल्या १५५ डब्यांचे ६,२०० पौंड म्हणजे माल न देता घेतलेली आगाऊ रक्कम. डबा आला नाही तर ग्राहक कार्डाच्या बँकेकडे पैसे परत मागू शकतो, आणि त्यासाठी सहसा डबा मिळण्याच्या ठरलेल्या तारखेपासून १२० दिवसांची मुदत असते. तोवर तुम्ही पैसे खर्च केलेले असले, तर भरपाई पेमेंट कंपनीच्या खिशातून जाते. कंपनीच्या यंत्रणेला दिवाळी कळत नाही. तिला दिसते ती एवढीच गोष्ट, की एक छोटं खातं अचानक आठपट फुगलं आणि माल अजून निघालेला नाही. पैसे गोळा करून पळणाऱ्या माणसाचं खातंही अगदी असंच दिसतं.

म्हणून पत्रात 'मी प्रामाणिक आहे, माझं पोट यावर आहे' हे लिहू नका. खरं असलं तरी तपासणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. एका पानात, इंग्रजीत, साधारण या वळणाचं लिहा:

'मी घरच्या स्वयंपाकघरातून महाराष्ट्रीय फराळ बनवून विकते. व्यवसायाची नोंदणी स्थानिक कौन्सिलकडे आहे. विक्री वाढण्याचं कारण दिवाळी; गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचे आकडे सोबत आहेत. १८५ डब्यांपैकी ३० पोचले, त्यांचे ट्रॅकिंग क्रमांक जोडले आहेत. उरलेले १५५ कोणत्या तारखेला निघणार, ते यादीत आहे. ग्राहकाने मागितल्यास पैसे परत करण्याचा नियम संकेतस्थळावर आहे. कृपया खातं पूर्ववत करावं. गरज वाटल्यास काही रक्कम राखीव ठेवून बाकीची डबे पोचतील तशी सोडावी, ही पद्धत मला मान्य आहे.'

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळे तपासणाऱ्याला 'हो' आणि 'नाही' यांच्यामधला रस्ता मिळतो, आणि बऱ्याचदा तो तोच रस्ता धरतो.

कागदांत सगळ्यांत वजनदार म्हणजे ऑर्डरींची यादी: ऑर्डरची तारीख, रक्कम, कबूल केलेली तारीख, ट्रॅकिंग. त्याखालोखाल मालाची बिलं. १८५ डब्यांना पुरेल एवढं बेसन, तूप, साखर आणि डबे विकत घेतल्याची बिलं असतील, तर माल खरोखर बनतोय हे कुणालाही पटतं. मग कौन्सिलची नोंदणी, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा.

अडतं ते बारीक गोष्टींत. बँकेच्या ॲपचा स्क्रीनशॉट पाठवला की परत येतो; सगळ्या पानांची मूळ पीडीएफ द्या. तिच्यावर रंगाच्या खुणा करू नका, कारण फाइलमध्ये फेरफार केल्याची शंका येते. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, बँकेत ते नाही, आणि कौन्सिलकडे सासरचं आडनाव, हे आपल्याकडे घरोघरी असतं. इथल्या तपासणाऱ्याला मात्र त्या तीन वेगळ्या बायका वाटतात. एका ओळीत खुलासा करा आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा.

आणखी एक बघा. ग्राहकाच्या स्टेटमेंटवर तुमचं कोणतं नाव उमटतं? ऑर्डर द्यायची 'आजीच्या डब्या'ला आणि स्टेटमेंटवर दिसायचं तुमचं आडनाव, तर नवरा विचारतो, हे चाळीस पौंड कुणाला गेले? तो बँकेला फोन करतो आणि वाद नोंदवला जातो. नाव बदलायची तयारी पत्रात लिहा.

तुमच्या ओळखीतल्या पुण्याच्या साडी-निर्यातदार काकांनी परदेशी रक्कम आल्याचा बँकेचा दाखला जोडायला सांगितलं, असंही तुम्ही लिहिलंय. तो त्यांच्या प्रकरणात लागला असेल. तुमचे ग्राहक ब्रिटनमधले आणि पैसा पौंडांतला. इथे त्याचं काम नाही. नवीन नावाने दुसरं खातं उघडायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. पत्ता आणि बँक खातं जुळलं की दोन्ही बंद होतात, आणि निलंबनाचं रूपांतर कायमच्या बंदीत होतं. बंदीसोबत नाव मास्टरकार्डच्या 'मॅच' या बंद केलेल्या व्यापाऱ्यांच्या यादीत गेलं, तर ते पाच वर्षं राहतं, आणि ती यादी इतर कंपन्याही बघतात.

इथे राहणारे आपण गावाकडच्यांना ऐकवतो की 'आमच्याकडे सगळं नियमाने चालतं'. या बाबतीत ते मला पटत नाही. कारण न सांगता खातं बंद करणं दोन्हीकडे चालतं, आणि गावाकडचा त्यावरचा राग रास्त आहे. भारतात रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० च्या नियमांनी पेमेंट ॲग्रीगेटरवर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या वतीने ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपन्यांवर, व्यापाऱ्याच्या पडताळणीची जबाबदारी टाकली. इथे मनी लाँडरिंगचा संशय असेल, तर कंपनीने तो ग्राहकाला कळू देणं हा गुन्हा ठरू शकतो. म्हणजे गप्प बसण्यामागे कधी कायदा असतो, पण कधी नुसता आळसही. बाहेरून फरक कळत नाही.

फरक आहे तो पुढच्या पायरीत. स्पष्टीकरण पाठवणं वेगळं आणि तक्रार करणं वेगळं. उत्तर आलं नाही, तर स्वतंत्र मेल करा आणि त्यात 'ही औपचारिक तक्रार आहे' असं स्पष्ट लिहा. तिथून पेमेंट सेवांच्या तक्रारीचं घड्याळ सुरू होतं: कामकाजाचे १५ दिवस, अपवाद असेल तर ३५. कंपनीचं अंतिम उत्तर आलं की सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ऑम्बड्समन या स्वतंत्र तक्रार निवारकाकडे जाता येतं. छोट्या व्यवसायांनाही ते दार उघडं आहे. पहिल्याच दिवशी तिथे गेलात, तर आधी कंपनीकडे जा म्हणतील.

राहिला प्रश्न १५५ डब्यांचा. माझ्या परिचयाच्या हाउन्स्लोच्या अकाउंटंट ताई अशी प्रकरणं नेहमी हाताळतात. त्या म्हणतात, उसने घेऊन डबे पाठवा, रोजचे ट्रॅकिंग क्रमांक त्याच मेलच्या उत्तरात जोडत जा. याहून मोठा पुरावा नाही. त्यांच्या हिशेबनीस भावाला हे अजिबात मान्य नाही. काही करारांत रक्कम १८० दिवसांपर्यंत रोखायची मुभा असते, तेवढे दिवस उसनवारी कोण सोसणार, असं तो विचारतो. दोघांचंही खरं आहे. तुमच्या करारातलं रक्कम रोखून ठेवण्याचं कलम आज रात्री वाचा, आणि ज्यांना थांबायचं नाही त्या ग्राहकांना उद्या सकाळी कळवा, की बँकेत वाद न नोंदवता पैसे थेट तुमच्याकडे मागा.