पट्ट्यांची पायरी एका सरकवलेल्या टाक्याने जात नाही

«गोल विणकामात रंग बदलला की पायरी दिसते, कारण धागा सैल राहतो. नवा रंग लावताना धागा घट्ट ओढा आणि दुसऱ्या फेरीचा पहिला टाका न विणता सरकवा. पट्टी कितीही ओळींची असो, पायरी कायमची जाते.»

हा व्हायरल सल्ला तपासताना सुरुवात कारणापासून करायला हवी, कारण तेच चुकीचे धरले आहे. गोल सुईवर आपण ज्याला फेरी म्हणतो ती बंद वर्तुळ कधीच नसते. ती स्प्रिंगसारखी चढत जाते आणि फेरीचा शेवटचा टाका आपल्याच फेरीच्या पहिल्या टाक्यापेक्षा एक ओळ वर जाऊन पोहोचतो. एकाच रंगात हे डोळ्यांना कळत नाही, रंग बदलला की पट्टीची दोन टोके एका ओळीत जुळत नाहीत आणि तीच पायरी दिसते. धागा घट्ट ओढल्याने ही एक ओळ कमी होत नाही. उलट पहिला टाका आकसतो, त्याच्या शेजारचा फुगतो, आणि पायरीच्या जोडीला एक चुणी पदरात पडते. हे ओळखण्यासाठी काम उलटून मागची बाजू पाहावी: सांध्यापाशी धागा ताठ दिसत असेल, तर दोष ओढण्याचा आहे.

टाका सरकवण्याची युक्ती मात्र खोटी नाही. नव्या रंगाची पहिली फेरी नेहमीसारखी विणून झाल्यावर पुढच्या फेरीचा पहिला टाका, उलट विणताना सुई घालतो तशी घालून, न विणता उजव्या सुईवर घेतला की तो दोन ओळींच्या उंचीपर्यंत ताणला जातो, खालच्या रंगालाही थोडा वर ओढतो आणि सांधा पुष्कळ निवळतो. पण जो टाका विणला नाही, तो त्या उभ्या रांगेत कमी पडतो, आणि व्हायरल सल्ल्यात नेमके हेच सांगितलेले नसते.

समजा, टोपीसाठी 90 टाके आहेत आणि चार-चार फेऱ्यांच्या 10 पट्ट्या घालायच्या आहेत. एकूण फेऱ्या 40 आणि रंगबदल 9. दर वेळी त्याच जागी टाका सरकवला, तर सगळ्या रांगांत 40 टाके असतील, पण सुरुवातीच्या रांगेत फक्त 31. दहा सेंटिमीटरला 28 ओळी बसणारी लोकर असेल, तर हा फरक तीन सेंटिमीटरहून जास्त होतो. ताणलेले टाके त्यातला काही भाग भरून काढतात, सगळा नाही. म्हणून पाच-सहा पट्ट्यांनंतर ती रांग दोरी ओढल्यासारखी वर खेचलेली दिसू लागते.

उपाय साधा आहे. टाका सरकवल्यावर फेरीची सुरुवात दाखवणारा मार्कर त्या टाक्याच्या पुढे घ्यायचा, म्हणजे सरकवलेला टाका फेरीचा शेवटचा ठरतो आणि फेरी त्याच्या पुढच्या टाक्यापासून सुरू होते. फेरी संपताना तो विणलाच जातो, त्यामुळे कोणत्याही रांगेत टाका कमी पडत नाही. पुढचा रंग या नव्या जागेपासून लावायचा. याची किंमत अशी, की दहाव्या पट्टीपर्यंत सुरुवात 9 टाके डावीकडे गेलेली असते. साध्या सुलट विणीत त्याने काही बिघडत नाही, पण टोपीचा माथा घटवायचा असेल किंवा विणीत नक्षी असेल, तर मूळ जागेवर वेगळ्या रंगाचा दुसरा मार्कर ठेवावा आणि मोजणी तिथूनच करावी.

«पट्टी कितीही ओळींची असो» हे तर अजिबात खरे नाही. दोन फेऱ्यांच्या पट्टीत त्याच जागी टाका सरकवत राहिलो, तर त्या रांगेत दर पट्टीला एकच टाका उरतो, म्हणजे निम्मी उंची. आणि एक-एक फेरीच्या पट्टीत त्या रंगाची दुसरी फेरीच येत नाही, मग सरकवणार काय?

एका फेरीच्या पट्ट्यांसाठी फेरी चढत जाते हा दोष न मानता तो कामाला लावावा, आणि मला हीच पद्धत सर्वांत देखणी वाटते. पहिल्या रंगाने एक फेरी विणून तो धागा तिथेच सोडायचा. दुसऱ्या रंगाने विणत त्या धाग्याच्या तीन टाके अलीकडे थांबायचे, ते तीन टाके न विणता सरकवायचे आणि लटकता पहिला रंग उचलून पुढे जायचे. पुढे दर फेरीला हेच करायचे. धागे एकमेकांत अडकवायचे नाहीत, कारण इथे दोन्ही रंग शेजारी शेजारी दोन वेगळ्या वळणांनी चढत असतात आणि रंगाला रंग भिडून पायरी पडावी अशी जागाच उरत नाही. तीन अलीकडे थांबल्यामुळे बदलाची जागा दर वेळी सरकते व ताण एकाच रांगेत साठत नाही. पायरी राहते ती फक्त अगदी सुरुवातीला आणि शेवटी, जिथे एखादा रंग थांबतो. तेवढी धाग्याची शेपटी शिवताना आपल्याच रंगाच्या टाक्यांमागून सांध्यापलीकडे नेऊन बसवावी लागते.