हवा भरणारे का तुम्ही?

परवा कोथरूडच्या एका सोसायटीत मला पंक्चरवाला ठरवण्यात आलं. मी पार्किंगमध्ये उकिडवा बसून एका जुन्या हॅचबॅकच्या चाकामागे मोबाइलचा टॉर्च मारत होतो, तेवढ्यात दुधाच्या पिशव्या घेऊन एक काका आले.

"माझ्या स्कूटरची हवा बघता का जरा?"

"काका, मी गाडी घ्यायला आलोय."

"मग वरून बघा की! खाली काय आहे?"

"टायरची तारीख आहे."

"तारीख? औषध आहे का ते?"

पूर्ण तारीख टायरच्या एकाच बाजूला असते आणि ती हमखास आतल्या बाजूला येते, म्हणून हे लोटांगण. स्टेपनीवर १११८ होतं, म्हणजे २०१८चा अकरावा आठवडा. गाडीही २०१८ची, म्हणजे स्टेपनी मूळचीच. काकांनी लगेच बोटांवर मोजलं. "आमचं लग्न मे ७९. म्हणजे २०७९!" मी म्हटलं, २००० सालाआधी तीनच आकडे असायचे, तुमचं २०९. काका एवढे खूश झाले की काकूंना गॅलरीत बोलावलं. काकूंनी मला पाहून विचारलं, "पंक्चर किती घेतो?"

असो. मागचे दोन्ही टायर मूळचेच होते. पुढचे मात्र ०६२३, म्हणजे फेब्रुवारी २०२३चे. मीटरवर जेमतेम बत्तीस हजार किलोमीटर, मग मूळचे पुढचे टायर इतक्या लवकर कशाने संपले? स्टिअरिंग पूर्ण वळवून घेतलं, तेव्हा उत्तर दिसलं. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची नक्षी ठणठणीत आणि आतली कड तुळतुळीत. हवा कमी असती तर दोन्ही कडा झिजल्या असत्या, जास्त असती तर मधला भाग. एकच कड गेली म्हणजे चाक तिरकं चालतंय. तळवा आडवा फिरवला, तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवतीसारखं टोचत होतं. म्हणजे टो, वरून पाहिल्यावर चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन, बिघडलेला.

नुसता टो असता तर अलाइनमेंटवाल्याने सरळ केला असता. पण नव्या टायरलाही तोच रोग लागला, म्हणजे दुखणं बहुधा खोल. खड्ड्यात आपटून सस्पेन्शनचा स्ट्रट किंवा लोअर आर्म वाकला असेल, नाहीतर बुश गेलं असेल. आणि कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल, लहान गाड्यांत सहसा ॲडजस्ट होतच नाही. नेमकं काय, ते टायर सांगत नाही.

एजंट मात्र लगेच उदार. "साहेब, टायरचंच वाईट वाटतंय ना? चारही नवे टाकून देतो!"

वा रे वा! म्हणजे पुरावाच गायब. सीट कव्हर आणि सेंट हुंगून गाडी घेणारा शहाणा, आणि खाली वाकणारा खडूस! मी म्हटलं, टायर राहू द्या, आधी मशिनवर लावून अलाइनमेंटचा छापील कागद आणा.

"एवढा संशय असेल तर नवीनच घ्या ना, साहेब," तो म्हणाला, आणि माझ्यासमोरच पुढच्या गिऱ्हाइकाला फोन लावला. "हो हो, सिंगल ओनर. टायर एकदम झकास."